पष्टे सरांचा बायोडेटा

किशोर बारकू पष्टे हे आमच्या शहापूरच्या कॉलेजात अकरा वर्षं भूगोल शिकवतात. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. ते आले तेव्हा तिशीतही नव्हते. गाव खर्डीच्या पुढे, घरी भातशेती, वडील रेल्वेच्या ट्रॅकवर गँगमन होते. एम.ए. झालेला, सेट पास झालेला त्यांच्या गावातला हा पहिलाच मुलगा. आला तो तासिका तत्त्वावर, आणि अजूनही तासिका तत्त्वावरच आहे.

तासिका तत्त्व म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कायम जागा भरायला परवानगी नसली की कॉलेज तासावर माणूस नेमतं. आठवड्याला नऊ तास. नेमणुकीचं पत्र ऑगस्टच्या सुमारास मिळतं, मार्चअखेर संपतं. मग पुढच्या ऑगस्टला पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत, नवं पत्र. माणूस तोच, वर्ग तोच, फळा तोच. यंदाच्या जानेवारीपर्यंत पष्टे सरांची अशी अकरा पत्रं झाली होती. नऊ तास आमच्याकडे, आणि उरलेल्या दिवशी मुरबाडच्या एका विनाअनुदानित कॉलेजात सहा. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडची एसटी, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. त्या गाडीत बसून ते नकाशावहीतल्या समोच्च रेषा तपासत असत. रस्ता असा आहे की लाल पेनाची रेघ कुठे जाईल ते सांगता येत नाही. मुलं म्हणायची, सरांचा शेरा आला की समजायचं, गाडी किन्हवलीच्या वळणावर होती.

यंदा जानेवारीत जाहिरात आली. तालुक्यातल्याच एका अनुदानित कॉलेजात, भूगोल, सहायक प्राध्यापक, एक पद, खुला प्रवर्ग, पूर्णवेळ. अर्ज पंधरा दिवसांच्या आत, विहित नमुन्यात, सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रतींसह. सर जाहिरातीचं कात्रण घेऊन ग्रंथालयात आले आणि माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले.

“भरायचा का?” मी विचारलं.

“भरायचाच. पण या खेपेला नीट भरायचा. मला तुमची मदत लागेल.”

ग्रंथपालाची मदत लागते ती शोधनिबंधांसाठी. निबंध ज्या नियतकालिकात छापला ते त्या वर्षी यूजीसीच्या यादीत होतं का, अंक, पानं, क्रमांक बरोबर आहेत का, हे आम्ही पाहून देतो. तशी आमची चार दिवस बैठक बसली. दुपारी दोन ते चार, ग्रंथालयात वाचकवर्ग नसतो त्या वेळेत. अर्जाच्या नमुन्यात रकाने होते: शिक्षण, अध्यापनाचा अनुभव आणि कार्यभार, संशोधन, विद्यार्थी मार्गदर्शन, कार्यशाळा. शेवटी स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, की वरील माहिती खरी आहे.

पहिल्या दिवशी अनुभवाचा रकाना. वर्षाला दोन गुण, जास्तीत जास्त दहा. मी म्हटलं, “अकरा वर्षं म्हणजे दहाचे दहा.” सर हसले नाहीत. त्यांनी पत्रांची चळत पुढे केली. वर्ष म्हणजे बारा महिने, आणि त्यांचं वर्ष आठ महिन्यांचं. त्यातही विद्यापीठाची मान्यता मिळालेली वर्षं सहाच. बाकीच्या वर्षांचे प्रस्ताव कधी वेळेत गेले नव्हते, कधी गेले आणि उत्तर आलं नव्हतं. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस महिने. चार वर्षं. आठ गुण.

“बाकीची पाच वर्षं तुम्ही काय करत होतात म्हणायचं?” मी म्हणालो.

“शिकवत होतो. लिहितो ना तसं. मान्यता नाही असंही लिहितो. धरायचं की नाही ते छाननी समिती ठरवेल.”

कार्यभाराच्या रकान्यात कार्यालयाने दिलेलं प्रमाणपत्र नऊ तासांचं. प्रात्यक्षिकाच्या वह्या, क्षेत्रभेटी, परीक्षेचं पर्यवेक्षण, दहा दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर, यातलं काही त्यात नव्हतं, कारण ते नेमणूकपत्रात नव्हतं. कार्यशाळांचंही तसंच. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवरून जीपीएस वापरून नकाशा कसा करायचा याची जिल्हास्तरीय कार्यशाळा आमच्याकडे झाली. पत्रव्यवहार, वक्ते आणणं, जेवणाची सोय, सगळं सरांनी केलं होतं. समन्वयक म्हणून नाव विभागप्रमुखांचं, कारण समन्वयक कायम शिक्षकच लागतो. सरांना प्रमाणपत्र मिळालं ते सहभागी असल्याचं. त्यांनी अर्जात लिहिलं, ‘सहभाग’.

दुसऱ्या दिवशी संशोधन. तीन निबंध. प्रत्येकी दोन गुण, कमाल सहा. पीएच.डी.चा प्रबंध दीड वर्षापूर्वी सादर झालेला, पण तोंडी परीक्षा अजून नाही, म्हणून पीएच.डी.चे पंचवीस गुण नाहीत. पदवीचे एकोणीस, एम.ए.चे तेवीस, सेटचे पाच, अनुभवाचे आठ, निबंधांचे सहा. बेरीज एकसष्ट. मी म्हटलं, पीएच.डी. झालेले किती तरी अर्ज येतील. सर म्हणाले, “हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात. एकदा आत गेलो की निवड मुलाखतीवरच. आत जाऊ दे फक्त.”

तीन निबंधांतला सगळ्यात चांगला निबंध झऱ्यांवरचा. डोळखांबच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी जे पाडे आहेत, तिथले चौदा झरे पावसाळ्यानंतर कसे आटत जातात, कोणता कधी बंद पडतो, त्याचा उताराशी, खडकाशी, झाडोऱ्याशी काय संबंध. एकेका झऱ्याची वर्षभराची नोंद आठवड्या-आठवड्याला. दोन ठिकाणी त्याचा संदर्भ दुसऱ्यांनी दिलेला मी शोधून काढला. लेखक एकच: किशोर बा. पष्टे. खाली बारीक अक्षरात, ‘क्षेत्रीय नोंदींसाठी विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले.’

तिसऱ्या दिवशी विद्यार्थी मार्गदर्शन. सरांनी आठवून आठवून नावं लिहिली. तृतीय वर्षाचे प्रकल्प, कोणाचा विषय काय, पुढे ते काय करतात. पहिलंच नाव होतं, मैना धाऊ शिद, प्रकल्प: डोळखांब परिसरातील झऱ्यांच्या प्रवाहाच्या नोंदी.

कायम विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले देसले सर त्या दिवशी पुस्तक परत करायला आले होते. शेखर देसले. पष्टे सरांना त्यांनीच कॉलेजात आणलं. त्यांनी खुर्ची ओढली, यादी वाचली आणि म्हणाले, “नुसती नावं देऊ नको. पुरावा जोड. प्रकल्पाची प्रत, विद्यार्थ्याचं पत्र. मार्गदर्शन हा रकाना सगळे हवेत लिहितात. तू कागदावर दे.”

मैनाच्या प्रकल्पाची प्रत माझ्याकडे होती. परीक्षा झाली की प्रकल्पांचे गठ्ठे रद्दीत जातात. हा मी ठेवला होता, कारण तो पाहून त्या वेळचे बहिःस्थ परीक्षक माझ्याकडे चहाला आले तेव्हा म्हणाले होते की असं काम एम.ए.ची पोरं करत नाहीत. मी कपाटातून काढून दिला. निळ्या शाईचे उभे-आडवे तक्ते. एका हंड्याला भरायला किती सेकंद लागतात, ते दर रविवारी, चौदा ठिकाणी, बावन्न आठवडे. कुठे पानावर पाण्याचा डाग. पष्टे सर ते चाळत राहिले. देसले सर गेले तरी चाळत राहिले. मग त्यांनी निबंधाची छापील प्रत शेजारी ठेवली. तक्ता क्रमांक दोन आणि वहीतलं पान एकोणीस. आकडे तेच.

ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. निबंध छापून आला तेव्हा पेढा मीही खाल्ला होता आणि वही माझ्याच कपाटात होती. दोन्ही एकमेकांशेजारी कधी ठेवली नव्हती, एवढंच.

सर म्हणाले, “उद्या तिच्याकडून पत्र आणू. याल का?”

सकाळी माझ्या मोटारसायकलवरून निघालो. मैनाचा पाडा डोळखांबच्या पुढे, शेवटचा दीड किलोमीटर कच्चा. धाऊ शिद भेंडीच्या शेतात होते, मैनाही तिथेच. भेंडी पहाटे खुडतात, आम्ही पोहोचलो तेव्हा पाट्या भरून झाल्या होत्या. ती अठ्ठावीस वर्षांची आहे आता. लग्न झालेलं नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, म्हणजे गावच्या विहिरींचे, टाक्यांचे नमुने बाटलीत भरून तपासणीला पाठवायचे, नोंद ठेवायची. तेही मानधनावरच. तिने हात कुडत्याला पुसले आणि सरांच्या पाया पडायला वाकली. सरांनी मधेच हात धरला.

अंगणात बाज टाकली. तिच्या आईने कोरा चहा दिला. सरांनी सांगितलं, जागा निघालीय, अर्ज करतोय, तुझं नाव दिलंय, एक पत्र हवंय की प्रकल्प माझ्या मार्गदर्शनाखाली केलास.

“देते की सर. त्यात काय. तुमीच शिकवलंत,” मैना म्हणाली. “काय काय लिवलंय माझ्याबद्दल, बघू?”

सरांनी अर्जाचा मसुदा तिच्या हातात दिला. ती सावकाश वाचत होती. मार्गदर्शनाचं पान वाचलं, हसली. मग आधीचं पान उलटलं, संशोधनाचं. तिथे बोट थांबलं.

“सर, ह्यो पेपर कुठला?”

“झऱ्यांवरचा. तुझा प्रकल्प होता, त्यावरून.”

“तुमी दाखवला नाय कधी.”

सरांनी पिशवीतून छापील प्रत काढून दिली. मला वाटतं ती त्यांनी मुद्दाम बरोबर आणली होती, पण कशासाठी ते त्यांना तोवर नीट कळलं नसावं. मैनाने पानं उलटली. तक्त्याशी आली. ओठ हलवत आकडे वाचले.

“ह्ये उंबराच्या झऱ्याचं. मार्चचा दुसरा आठवडा, एकशे चाळीस. त्या दिवशी मी दोनदा मोजलं होतं. वाटलं हंडाच गळतोय.” तिने पहिलं पान पुन्हा काढलं. “माझं नाव नाय यात.”

“खाली आभार आहेत. विद्यार्थ्यांचे.”

“विद्यार्थी कोन कोन होते सर?”

विद्यार्थी एकच होती.

मैनाचा आवाज चढला नाही. ती सांगायला लागली तेव्हा आम्हाला सांगण्यापेक्षा आठवून बघत असल्यासारखं सांगत होती. पाच वर्षांपूर्वी पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने तालुक्यासाठी क्षेत्रकार्यकर्ता घ्यायचा ठरवला होता. ती गेली होती. त्यांनी विचारलं, पाण्याबाबत काही लिहिलंय का, कुठे छापून आलंय का. ती म्हणाली, वही आहे, कॉलेजात दिली. त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं. “मी म्हटलं, बरोबरच हाय, आमचं कुठं छापून येतंय.”

मग म्हणाली, “पत्र लिवते सर. कशावर लिवू?”

“राहू दे,” सर म्हणाले.

“का? मी रागानं नाय बोलले.”

“माहीत आहे मला. म्हणूनच राहू दे.”

धाऊ इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. त्यांना यातलं किती कळलं कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, “सर, तिनं ऊन बघितलं नाय का पानी बघितलं नाय. तापानं फणफणली तरी रविवारी जायाची. आमी म्हनायचो, गो, झरा काय पळून जातो?”

परत येताना सर गाडीवर मागे बसले होते. किन्हवली फाट्यावर मी चहाला थांबवलं तेव्हा म्हणाले, “विश्लेषण मी केलं. नकाशा मी काढला. खडकाचा भाग माझा. लिहिलं मी. हे सगळं खरं आहे. त्या वेळी मला दरवर्षी मुलाखतीला जावं लागत होतं आणि नावावर एकही निबंध नव्हता. हेही खरं आहे. आणि तिचं नाव घातलं असतं तरी माझं काही कमी होणार नव्हतं. मग का नाही घातलं? देसले सर म्हणाले होते, बी.ए.च्या मुलीचं नाव कोणी घालत नाही. मला ते सोयीचं वाटलं. बस, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. मैना धाऊ शिद यांनी या निबंधाच्या सर्व क्षेत्रीय नोंदी केल्या आहेत, त्यांचं नाव सहलेखक म्हणून घालावं, चूक माझी आहे. संपादकांचं उत्तर दोन दिवसांत आलं: लेखक बदलायचा तर दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, मूळ नोंदींची प्रत आणि कारणांचं निवेदन हवं, मंडळाच्या बैठकीत ठेवू, शुद्धिपत्र निघालं तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या अंकात. वहीची एकेक पानाची स्कॅन प्रत मी काढली. संमतीपत्रावर मैनाची सही आणायला सर एकटे गेले, एसटीने. शेवटचा दीड किलोमीटर चालत.

अर्जाची मुदत संपायला तीन दिवस होते. शुद्धिपत्र तोवर येणं शक्य नव्हतं. देसले सरांना कळलं आणि ते मुद्दाम ग्रंथालयात आले.

“छापील निबंधावर तुझं एकट्याचं नाव आहे. अर्जात तेच लिही. खोटं काय त्यात? जे छापलंय ते छापलंय. पुढे शुद्धिपत्र आलं की आलं.”

“प्रतिज्ञापत्रावर सही करायचीय सर.”

“किशोर, ही जागा पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही. तुझ्या पोरीची दहावी आहे पुढच्या वर्षी. तुला कोणी विचारलेलं नाही, कोणी तक्रार केलेली नाही. तू स्वतःच्या हाताने छाननी समितीला कोलीत देतोयस.”

देसले सर वाईट माणूस नाहीत. त्यांना पष्टे सरांची खरोखर काळजी होती, आणि त्यांच्या काळात सगळे असंच करत. पष्टे सर ऐकत होते, मान खाली घालून, विद्यार्थ्यासारखे. शेवटी म्हणाले, “सर, मार्गदर्शनाच्या रकान्यात मैनाचं नाव आहे आणि त्याच्या वर संशोधनाच्या रकान्यात नाही. एकाच कागदावर. मला ते आता वाचता येत नाही.”

संशोधनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘छापील प्रतीत एकच लेखक. सहलेखक मैना धाऊ शिद यांचे नाव अनवधानाने नव्हे, माझ्या निर्णयाने राहिले. दुरुस्तीसाठी संपादकांकडे अर्ज केला आहे, प्रत सोबत.’ मी म्हटलं, ‘माझ्या निर्णयाने’ एवढं काढा, दुरुस्तीचा अर्ज केला आहे म्हटलं की पुरतं. ते म्हणाले, नको.

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, आणि एक प्रत सरांनी स्वतः जाऊन आवक-जावकचा शिक्का मारून आणली.

छाननीत त्या निबंधाला गुण मिळाले नाहीत. अर्जातला मजकूर आणि छापील प्रत जुळत नाही, असा शेरा. एकोणसाठ गुण. आमच्या कार्यालयातल्या रविनाताई त्या कॉलेजच्या कार्यालयात कोणाला तरी ओळखतात, त्यांच्याकडून कळलं की मुलाखतीला दहा जण बोलावले आणि सर दहावे. नवव्याला बासष्ट होते.

मुलाखत एप्रिलमध्ये झाली. समितीत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि बाहेरून आलेले दोन विषयतज्ज्ञ. आत काय झालं ते सरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी नेहमीचे प्रश्न. शहापूर-मुरबाडच्या खडकात पाणी का थांबत नाही, हा प्रश्न आला आणि ते दहा मिनिटं बोलले. कागद मागून घेऊन आकृती काढून दाखवली. मग विषयतज्ज्ञांपैकी एक बाई, पन्नाशीच्या, पुण्याकडच्या, त्यांनी तो रकाना काढला.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हा निबंध एकट्याच्या नावावर वापरलात?”

“हो.”

“याआधीच्या अर्जांतही?”

“हो. सगळ्या.”

“मग आता का?”

“अर्ज घेऊन तिच्याकडे गेलो होतो, पत्र मागायला. तिने तो माझ्यासमोर वाचला.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. एका सदस्यांनी विचारलं, उद्या तुमच्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी आले तर त्यांच्या कामाची खात्री आम्ही कशी धरायची. सर म्हणाले, “धरू नका. विचारत राहा. मीही विचारत राहीन.” हे उत्तर चांगलं होतं की वाईट, ते त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं.

निवड झाली ती सांगलीकडच्या एका बाईंची. पीएच.डी., नेट, आठ निबंध. कोणी म्हणालं वशिला, पण तसं काही नव्हतं. त्या खरोखर चांगल्या आहेत. प्रतीक्षा यादीत पष्टे सरांचं नाव पहिलं होतं. दहाव्या क्रमांकावरून मुलाखतीच्या जोरावर पहिलं. पण प्रतीक्षा यादी म्हणजे निवडलेला माणूस आला नाही तरच. त्या बाई जूनमध्ये रुजू झाल्या.

सरांनी ते कसं घेतलं, हे मला नीट सांगता येणार नाही. यादी लागली त्या दिवशी त्यांनी ग्रंथालयात येऊन वर्तमानपत्र वाचलं, तेच पान बराच वेळ. त्यांच्या घरून, शीतलवहिनींचा, मला फोन आला. “ते काय बोलत नाहीत. तुमच्याशी बोलले का? मला म्हणाले, तुला वाईट वाटलं तर सांग. मी काय सांगू? मला वाईट वाटलंच. पण अर्जाचं ते पान मी वाचलं होतं हो, त्यांनी मला आधीच दाखवलं होतं. मीच म्हटलं होतं, पाठवा.” हे मला तोवर माहीत नव्हतं.

शुद्धिपत्र जुलैच्या अंकात आलं. चार ओळी. ‘या निबंधाचे लेखक पुढीलप्रमाणे वाचावेत: मैना धा. शिद, किशोर बा. पष्टे.’ तिचं नाव आधी घालावं ही विनंती सरांनी संमतीपत्रातच केली होती. मैनाने सही करताना ते वाचलं होतं आणि बदला म्हणाली होती, सरांनी बदललं नव्हतं.

अंक घेऊन आम्ही दोघं गेलो. पाऊस उघडला होता, लावणी चालू होती. मैना गुडघाभर चिखलात होती, हातात आवण, भाताच्या रोपांची जुडी. बांधावर येऊन तिने हात धुतले, अंक घेतला, ओळी वाचल्या. मग आईला बोलावून नावावर बोट ठेवून दाखवलं. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, “ह्ये मैना?” मैना म्हणाली, “हां. आनि ह्यो बा. धा म्हंजे बा.”

“बाचं नाव पन?” आईने शेताकडे वळून हाक दिली. धाऊ आले, अंकाकडे लांबूनच पाहिलं, चिखलाचे हात मागे धरून.

मैना सरांना म्हणाली, “सर, एक सांगू का? मला तवाच हवं होतं ह्ये. आता बी बरं वाटलं, नाय असं नाय. पन तवा हवं होतं.”

“हो,” सर म्हणाले. ती पुन्हा चिखलात उतरली, कारण रांग थांबली होती.

पाण्यावर काम करणाऱ्या त्याच संस्थेने ऑक्टोबरात पुन्हा माणूस घ्यायचं काढलं. मैनाने बायोडेटा स्वतः लिहिला आणि मला दाखवायला आणला, सरांना नाही. एक पान होतं. मी फक्त निबंधाचा क्रमांक आणि पानं तपासून दिली. तिला वर्षाच्या करारावर घेतलं आहे. आता ती पाच गावांतले झरे बघते.

पष्टे सरांना ऑगस्टमध्ये बारावं पत्र मिळालं. नऊ तास. सांगलीकडच्या त्या बाईंना इथली भूरचना माहीत नव्हती, त्यांनी आमच्या प्राचार्यांमार्फत निरोप पाठवला की क्षेत्रभेटीसाठी कोणी वाट दाखवेल का. सर गेले. दोन रविवार त्यांच्या वर्गातल्या मुलांना घेऊन डोंगर चढले. मी विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, “मुलं हुशार आहेत. एकीने विचारलं, सर हा खडक इथेच का फुटलाय. मला लगेच सांगता आलं नाही.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. मुरबाडच्या गाडीला वीस मिनिटं होती. त्यांनी टेबलावरच्या वह्या पिशवीत भरल्या आणि स्टँडकडे निघाले.